झाडूया आणि गाडूया

एका आळीतील मुलांनी स्वच्छता-सप्ताहासाठी घोषणा रचावयाचे ठरविले. पहिली घोषणा झाली ती अशी: 'आळी सारी झाडूया, कचरा सारा उचलूया.' दोन्ही चरणांत 14 मात्रा होत्या आणि दोहोंच्या शेवटी 'ऊया' होते. तरीही यमक कानाला पटेना. असे का झाले? 'करूया', 'बसूया', 'उचलूया' असा 'ऊया' हा शेवट कितीतरी क्रियापदांना येतो. म्हणून तेवढाच जुळून भागत नाही. त्याच्या आधीचा स्वर व व्यंजनही जुळावे लागते. 'झाडूया' व 'गाडूया' या दोहोंत 'आडूया' हा सबंध ध्वनी येतो, म्हणून त्यांचे यमक जुळते.

मग मुलांनी 'कचरा सारा गाडूया' असा बदल केला. यमक साधले, पण अर्थ बिघडला! भाजीचे देठ आणि फळांच्या साली खड्ड्यात पुरल्या, तर त्यांचे खत होते. काच व प्लास्टिक मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते. तेव्हा 'सारा' हा चार मात्रांचा शब्द काढून मुलांनी तितक्याच मात्रांचा 'ओला' हा शब्द योजिला. आता नाद आणि अर्थ दोन्ही जुळले:

आळी सारी झाडूया,
ओला कचरा गाडूया!