एकच वक्ता, दोन ध्वनिमुद्रणे

एकाच माणसाची, काही महिन्यांच्या अंतराने मुद्रित झालेली दोन भाषणे ऐकून त्याचे मत बदलले की नाही याचा निकाल द्यावयाचा झाल्यास, शब्दांपेक्षा त्या शब्दांना जोडलेल्या अटींची आणि मुदतींची तपासणी आधी करावी लागते. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे त्या वेळचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांची २०२१ सालातील दोन मुद्रणे या दृष्टीने मोठी बोधप्रद आहेत : २७ ऑगस्टचे जॅक्सन होल परिषदेतील भाषण आणि ३० नोव्हेंबरची सेनेटच्या समितीपुढील साक्ष.

महागाईची वाढ बहुधा तात्पुरती ठरेल, असे ऑगस्टमध्ये प्रतिपादन होते. नोव्हेंबरमध्ये प्रश्नोत्तरांच्या ओघात त्यांनी तो शब्दच आता निवृत्त करावा असे सुचविले. एवढ्यावरून 'पॉवेल यांचे घूमजाव' असा मथळा सहज सजतो. परंतु त्याच साक्षीच्या आरंभी वाचलेल्या लेखी निवेदनात, पुढील वर्षभरात महागाई बरीच उतरेल ही अपेक्षा कायम होती. फक्त तिला चढविणारी कारणे पुढील वर्षात बराच काळ रेंगाळतील आणि धोका वाढला आहे, अशी पुस्ती तिला जोडली होती. म्हणजे अनुमानाची दिशा तीच राहिली. लांबली ती मुदत आणि घटली ती खात्री.

म्हणून टिपणकार प्रत्येक विधानापुढे चार गोष्टी नोंदवितो : विषय, निश्चितीची मात्रा, अट आणि मुदत, शिवाय ते विधान लेखी निवेदनातले की उत्स्फूर्त उत्तरातले, हेही. कारण सिद्ध करून आणलेल्या मजकुराची तुलना तोंडी उत्तराशी केली, तर दोन मतांऐवजी दोन प्रसंगांतलाच फरक हाती लागतो. प्रश्नकर्त्या सदस्याचे शब्द वक्त्याच्या नावावर चढणे ही तर प्रतिलेखनातील नेहमीची खोड. संशय येईल तेथे मूळ मुद्रण पुन्हा ऐकण्यावाचून गत्यंतर नसते. दुसऱ्या मुद्रणात एखादा विषय निघालाच नसेल, तर 'भूमिका सोडली' असे न लिहिता 'उल्लेख नाही' एवढाच शेरा मारावा.

खरा बदल रोखेखरेदीच्या प्रकरणात सापडतो. अर्थव्यवस्था अपेक्षेप्रमाणे चालली तर याच वर्षी कपातीस आरंभ करणे योग्य ठरू शकेल, असे ऑगस्टमधील सशर्त म्हणणे होते. मधल्या काळात, नोव्हेंबरच्या आरंभी, १२० अब्ज डॉलरांची मासिक खरेदी दरमहा १५ अब्जांनी उतरविण्याचा ठराव झाला. हा परिस्थितीतला फरक, मतातला नव्हे, आणि सारांशात तो वेगळाच दाखवावा लागतो. तो वजा केल्यावर ३० नोव्हेंबरला नवे असे उरते ते एकच : ही खरेदी काही महिने आधीच आटोपण्याचा विचार व्हावा. १५ डिसेंबरला कपात दरमहा ३० अब्जांवर गेली खरी, पण तो निर्णय आदल्या महिन्याच्या सारांशात घुसडता येत नाही. ३० नोव्हेंबरच्या मुद्रणात होता तो केवळ इरादा.