गौरीपूजनाची नाईट

ऑगस्टची 25 तारीख उलटली की आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावर रजेच्या चिठ्ठ्या साचू लागतात. सप्टेंबरात गौरी-गणपती असले तर विचारायलाच नको.

समजा, सहा खाटांचं आयसीयू आहे आणि दोन पेशंटांमागे एक सिस्टर असा हिशेब आहे. म्हणजे सकाळी 8 ते 2, दुपारी 2 ते 8 आणि रात्री 8 ते सकाळी 8, प्रत्येक पाळीला तिघी. तीस दिवसांचे 2160 तास होतात. सिस्टर बारा असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला 180 तास, त्यात सात-आठ नाईट. दोन-तीन नाईट सलग लावल्या तर त्यानंतरचे झोपेचे दिवस आणि चार वीकली ऑफ जेमतेम बसतात. गणित सुटतं, पण त्यात रजेचा एकही दिवस नसतो. तेरावी सिस्टर आली की साधारण बावीस ड्यूट्या मोकळ्या होतात, आणि सगळ्यांची मिळून रजा तेवढीच. म्हणून ‘एका दिवशी एकीलाच रजा’ हा नियम. तो इन्चार्जच्या लहरीतून येत नाही.

खरी अडचण मात्र डोकी मोजून दिसत नाही. व्हेंटिलेटरचा अलार्म कशामुळे वाजतोय हे ओळखणारी, हृदय थांबलं तर सूत्रं हाती घेणारी एक तरी सिस्टर प्रत्येक पाळीला हवी. अशा पाळ्या महिन्यात नव्वद. अनुभवी सिस्टर चारच असतील तर त्यांच्या ड्यूट्याही जवळपास नव्वदच, म्हणजे एकीला ताप आला की चार्ट कोसळला. पाच असल्या तरच श्वास घेता येतो.

बरेच जण चार्ट वरच्या नावापासून खाली भरत येतात. मग खालच्या नवख्या मुलींच्या नावावर उरलेल्या नाईट पडतात आणि एखाद्या रात्री तिघीही सहा महिन्यांच्या आतल्या निघतात. त्यापेक्षा आधी रजा, मग अनुभवी सिस्टरांच्या नाईट, मग बाकीच्यांच्या आणि शेवटी सकाळ-दुपार, असं भरावं. एक्सेलमध्ये अनुभवी पाचजणींची नावं 4 ते 8 या ओळींत ठेवली, पहिली तारीख B रकान्यात घेतली, तर 19 तारखेच्या नाईटसाठी तळाशी एवढंच लिहायचं:

```
=COUNTIF(T4:T8,"N")
```

उत्तर 0 आलं तर ती रात्र उघडी आहे.

आता 19 तारखेलाच गौरीपूजन आहे आणि तिघींनी रजा मागितलीय, त्यातल्या दोघी अनुभवी. पाचांपैकी तिघी तीन पाळ्यांना लागणार, चौथी आदल्या रात्रीची ड्यूटी करून सकाळी घरी जाऊन झोपलेली. दुपारी 2 ला तिला परत बोलावता येत नाही, मध्ये सहाच तास मिळतात. उरली एक. तिघींपैकी तिलाच पूजनाची रजा मिळते, तीही गेल्या वर्षी जिची हुकली होती तिला. दुसऱ्या अनुभवी सिस्टरला 20 तारखेचं विसर्जन, तिसरीला 18 तारखेचं आवाहन. दुसरी चिडते. मग इन्चार्ज गेल्या वर्षीचा चार्ट काढून तिच्यासमोर ठेवते.