चार घरं आधी की सहा?

गो हा चीन, जपान आणि कोरियात मुरलेला खेळ. पटावर 19 उभ्या आणि 19 आडव्या रेषा. एकाने काळी सोंगटी ठेवायची, दुसऱ्याने पांढरी, तीही चौकटीत नव्हे, तर रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे. एकदा ठेवलेली सोंगटी हलवायची नाही. सोंगट्यांचं कुंपण घालून जास्तीत जास्त मोकळे छेद आपल्या ताब्यात आणायचे. असा प्रत्येक मोकळा छेद म्हणजे एक गुण. कोरियन खेळाडू त्याला ‘जिप’ म्हणतात. या शब्दाचा अर्थच घर, आणि आपणही पटावरच्या जागेला घरच म्हणतो, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो.

दीडशे-दोनशे चाली झाल्या की मोठ्या मारामाऱ्या आटोपलेल्या असतात. कोणाचा मुलूख कुठे हे ढोबळमानाने ठरलेलं असतं, पण कुंपणांच्या कडा अजून उघड्या असतात. त्या बुजवण्याच्या टप्प्याला जपानीत ‘योसे’ म्हणतात. नवखा खेळाडू इथे सैलावतो. खरं तर अर्ध्या घराने निकाल लागणारे डाव इथेच फिरतात. (काळा पहिली चाल खेळतो, म्हणून पांढऱ्याला भरपाईची घरं देतात. जपानात ती साडेसहा असतात. त्या अर्ध्यामुळे बरोबरी होत नाही.) कोरियाचा ली चांग-हो या टप्प्यातल्या अचूक हिशेबासाठीच ओळखला गेला. त्याच्याशी खेळताना थोडी आघाडी असणं पुरेसं नसायचं.

हिशेब करायचा म्हणजे काय करायचं? सगळ्यात साधी कड घेऊ. डावीकडे काळ्याची भिंत, उजवीकडे पांढऱ्याची. दोन्ही भिंती एकमेकींना चिकटून पटाच्या काठाकडे उतरतात आणि काठापासून दुसऱ्या रेषेवर थांबतात. अगदी काठाची, पहिली रेषा मोकळी आहे.

पांढरा आधी खेळला तर तो पहिल्या रेषेवरून काळ्याच्या शेवटच्या सोंगटीखाली सरकतो. काळा पुढे सोंगटी टाकून त्याला अडवतो. मग पांढरा मागे सोंगटी ठेवून सरकलेल्या सोंगटीला आधार देतो, नाहीतर ती मारली जाईल. काळ्याची दोन घरं गेली: एकावर पांढरा बसला, दुसरं काळ्याला स्वतःच भरावं लागलं. आधाराच्या सोंगटीत पांढऱ्याचंही एक घर गेलं. गोळाबेरीज, काळ्याला एका घराचा तोटा. काळा आधी खेळला तर हेच चित्र आरशात उलटतं आणि काळ्याला एका घराचा फायदा होतो. एका घराचा तोटा आणि एका घराचा फायदा यांत अंतर दोनाचं. म्हणून ही चाल ‘दोन घरांची’. मोजणीची रीत एवढीच: मी आधी खेळलो तर शेवटी काय दिसेल, तो आधी खेळला तर काय दिसेल, आणि दोन्हींतलं अंतर.

ही मोजणी भिंती जाड असतील तेव्हाची. आता दोन्हीकडच्या शेवटच्या सोंगटीमागची जागा रिकामी आहे असं समजा, म्हणजे भिंत तळाशी एकपदरी आहे. पांढरा सरकला, काळ्याने अडवलं, पांढऱ्याने आधार दिला. पण आता काळ्याची अडवणारी सोंगटी आणि तिच्या वरची भिंत यांच्यामध्ये फट आहे. पांढरा त्या फटीत शिरला तर काळ्याचा मुलूख आतून फाटेल. म्हणून काळ्याला आणखी एक सोंगटी खर्चून फट बुजवावी लागते. त्याचं तिसरं घर गेलं, आणि अंतर दोनाचं चार झालं.

याहून महत्त्वाचा बदल आहे तो पाळीचा. जाड भिंतीपाशी पांढरा सरकला, काळ्याने अडवलं, पांढऱ्याने आधार दिला की पाळी काळ्याकडे जाते. सुरुवात केली त्याने पाळी गमावली. अशा चालीला ‘गोते’ म्हणतात. पातळ भिंतीपाशी शेवटची चाल काळ्याला करावी लागते, म्हणून पाळी पांढऱ्याकडेच राहते. ती ‘सेंते’. एका सोंगटीच्या जागेने चालीचं मोल दुप्पट होतं आणि शिवाय पाळीही हातात राहते. नुसता आकार पाहून पाठ केलेल्या संख्या का फसवतात, ते इथे कळतं.

सेंतेची एक अटही आहे. समोरचा उत्तर देतो, कारण उत्तर न दिल्याचं नुकसान पटावरच्या दुसऱ्या कोणत्याही चालीपेक्षा मोठं असतं. दुसरीकडे त्याहून मोठं काही शिल्लक असेल तर तो खुशाल तिकडे जाईल.

आता खरा प्रश्न. मी काळा, पाळी माझी. वरच्या कोपऱ्यात सहा घरांची गोते आहे. डाव्या कडेला चार घरांची एक चाल आहे: पांढऱ्यासाठी ती सेंते आहे, पण मी आधी खेळलो तर त्याची ती संधी जाते. पांढऱ्याने तिला उत्तर द्यायची मात्र गरज नाही, म्हणून पाळी मी गमावतो. ही ‘उलटी सेंते’. खालच्या कडेला आणखी एक चार घरांची गोते आहे.

सहा चारापेक्षा मोठे, म्हणून हात आपोआप वरच्या कोपऱ्याकडे जातो. तसंच खेळून पाहू. मी सहा घेतले. पांढरा डाव्या कडेला सेंते खेळतो, मी निमूटपणे उत्तर देतो, पाळी त्याच्याकडेच राहते, आणि तो खालची कड घेतो. माझ्या पदरात सहा.

आता दुसरा क्रम. मी आधी डावी कड घेतो: चार. पांढरा साहजिकच वरचे सहा घेतो. पाळी माझी, मी खालची कड घेतो: आणखी चार. एकूण आठ. छोटी दिसणारी चाल आधी खेळल्याने दोन घरं जास्त मिळाली.

याचं कारण भागाकारात आहे. गोतेत मी खेळणं आणि त्याने खेळणं यांत दोन चालींचा फरक असतो: एक माझी जादा, एक त्याची. म्हणून सहाला दोनाने भागायचं, दर चालीला तीन घरं. उलट्या सेंतेत पांढरा खेळला तरी मी लगेच उत्तर देतोच, त्या दोन चाली एकमेकींना फेडतात. फरक उरतो एकाच चालीचा, म्हणून दर चालीला पूर्ण चार. खेळाडू हेच दुसऱ्या शब्दांत सांगतात: उलटी सेंते दुप्पट धरा, मग गोतेशी तोला. चाराचे आठ, आणि आठ सहाहून मोठे.

हा नियम खूप कामाचा आहे, पण तो सरासरीचा नियम आहे. पटावर लहान होत जाणाऱ्या बऱ्याच चाली शिल्लक असतात तेव्हा तो साधारणपणे बरोबर ठरतो. अगदी अखेरीस, मोजक्याच चाली उरल्या की भागाकार बाजूला ठेवून प्रत्येक क्रम शेवटपर्यंत खेळून पाहावा लागतो.

वरचाच पट घ्या. खालच्या कडेला चार घरांच्या चालीऐवजी आपली जाड भिंतीची दोन घरांची चाल ठेवा. पहिल्या क्रमात मला सहा, दुसऱ्यात चार अधिक दोन, म्हणजे तेही सहा. बरोबरी. आता तशाच दोन जाड भिंती आहेत असं समजा. आधी सहा घेतले तर पांढरा सेंते खेळून एक भिंत घेतो, दुसरी मला मिळते: आठ. आधी उलटी सेंते घेतली तर चार, मग पांढऱ्याचे सहा, माझी एक भिंत, त्याची दुसरी: माझ्याकडे फक्त सहा. डावी कड जराही बदललेली नाही, तरी आता वरचा कोपराच आधी खेळायला हवा.