पाऊस, पावस आणि चौक

‘भाव’ आणि ‘भाऊ’ हे शब्द लिहायला दोन-दोन अक्षरांचे, पण लांबून हाक मारून पाहा. ‘भाऊऽऽ’ म्हणताना शेवटचा ऊ हवा तेवढा ओढता येतो. ‘भाव’मध्ये ओढायचं झालं तर आ ओढावा लागतो, ‘व’ आपला शेवटी येऊन ओठ जवळ आणतो आणि संपतो. तसंच दुधावरची ‘साय’ आणि शिर्डीचे ‘साई’. उच्चाराच्या एका ठोक्याला एकच गाभा असतो आणि तो बहुधा स्वराचा असतो. ‘भाऊ’त दोन गाभे, दोन ठोके. ‘भाव’मध्ये एकच.

‘चौक’ मात्र वेगळा. त्यात अ पासून उ कडे जीभ-ओठ सरकतात, तरी ठोका एकच. शाळेच्या व्याकरणात याला संयुक्त स्वर म्हणतात. (तिथे ए आणि ओ यांनाही त्याच पंगतीत बसवतात, पण आजच्या उच्चारात ते सरकत नाहीत, जागच्या जागी असतात.)

मग ‘भाव’मधल्या ‘आव’लाही संयुक्त स्वर का म्हणू नये? तिथेही आ पासून सरकत ओठांकडेच तर जातो आपण. कानाला विचारलं तर तो गोंधळतो. घाईत ‘जाऊ दे’चं ‘जाव दे’ होतं. आवाजाचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर सरकणं दिसेल, किती वेळ लागला तेही दिसेल, पण त्या सरकण्याचा शेवट गाभ्यात मोडतो की तो गाभ्यामागून येणारं व्यंजन आहे, हे आलेखावर लिहिलेलं नसतं. ते शब्दाच्या वागणुकीवरून ठरवावं लागतं.

त्यासाठी मागे एक व्यंजन जोडून पाहायचं. अस्सल मराठी शब्दाच्या शेवटी दोन व्यंजनं सहसा एकत्र येत नाहीत. ‘कापड’चा उच्चार आपण का-पड् करतो, ‘काप्ड्’ नाही. आता ‘चौक’, ‘बैल’, ‘पैज’, ‘मौज’ पाहा. सरकणाऱ्या स्वरानंतर क, ल, ज निमूटपणे त्याच ठोक्यात बसतात. म्हणजे ‘चौक’मधला उ-सारखा आवाज व्यंजनाची जागा अडवत नाही, तो गाभ्यातच आहे. उलट रत्नागिरीजवळचं ‘पावस’ घ्या. ‘आव’ हा एकसंध गाभा असता, तर ‘पाव्स्’ असा एका ठोक्याचा उच्चार चालला असता. आपण म्हणतो पा-वस्. ‘गायक’ही गा-यक्. इथला व आणि य गाभ्याबाहेरचे, सरळसरळ व्यंजनं आहेत.

आता ‘पाऊस’. पा-ऊस, दोन ठोके, मध्ये काही नाही, असं वाटतं. पण त्याला प्रत्यय लावा. ‘कापूस’चं ‘कापसात’ होतं, ‘लाकूड’चं ‘लाकडात’. दोन्हीकडे ऊ गळतो आणि त्याच्या आधीचं व्यंजन राहतं. ‘पाऊस’मध्ये ऊ गळल्यावर उरायला हवं होतं ‘पासात’. तसं होत नाही, ‘पावसात’ होतं. ‘देऊळ’चंही ‘देवळात’. हा व आला कुठून? सगळ्यात सरळ उत्तर असं, की तो आधीपासून तिथेच होता. ‘पावूस’ म्हणताना व आणि ऊ दोघांनाही ओठांचा तोच चंबू लागतो, म्हणून व ऐकू येत नाही. ऊ गेला की तो उघडा पडतो. शब्दांचा इतिहासही याला दुजोरा देतो. ‘पाऊस’ संस्कृत ‘प्रावृष्’वरून आला आणि ‘देऊळ’ ‘देवकुल’वरून, व दोन्हींत आहे.

सगळेच शब्द असे वागले नाहीत. ‘प्रतिष्ठान’मधला त प्राकृतात गळला, ‘पइट्ठाण’ झालं. तिथे अ आणि इ शेजारी, पण वेगळे होते. मराठीत ते एका गाभ्यात मिसळले आणि ‘पैठण’ झालं. ‘चतुष्क’चं ‘चउक्क’ आणि मग ‘चौक’, हीच वाट. मिसळला तो आखूड अ. लांब आ मात्र ‘पाऊस’, ‘राऊळ’मध्ये आपला ठोका राखून आहे.

ही कसोटी इंग्रजीतून आलेल्या शब्दांना लावली की गंमत येते. इंग्रजीत ‘टाइम’ एका ठोक्याचा, त्यातला आइ हा एकच गाभा. मराठीत तो टाईम, टाइम, टायम असा तीन प्रकारे लिहिलेला दिसतो. त्याला प्रत्यय लावला की लोक म्हणतात ‘टायमाला’. ‘लाईट’चं अनेकवचन ‘लायटी’. ‘बाईल’चं ‘बायलेला’ होतं तसंच हे: ई गळाला, य उघडा पडला. इंग्रजीतला एकसंध गाभा मराठी तोंडाने फोडून आ आणि य वेगळे केले. ‘टायमाला’ म्हणणाऱ्याला शहरात हसतात, पण त्याने ‘पावसात’चाच नियम पाळलेला असतो.