पहिल्याच उत्तरात पान आलं पाहिजे

समजा, पुण्याजवळ भोसरीत औद्योगिक व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना आहे. कॅटलॉगमध्ये 600 उत्पादनं. जुनी वेबसाइट मोडीत काढून मालकांनी रिअ‍ॅक्टमध्ये नवी करून घेतली. दिसायला ती उत्तम आहे आणि पानंही झटकन बदलतात. पण विक्री विभागातला माणूस ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर बॉल व्हॉल्व्हची लिंक पाठवतो, तेव्हा लिंकसोबत फक्त कंपनीचं नाव दिसतं. गेट व्हॉल्व्हची लिंक पाठवली तरी तेच. हा दोष किरकोळ वाटतो, पण तो अशा वेबसाइटच्या मुळाशी काय चाललं आहे हे सांगतो.

त्या पानावर उजवं बटण दाबून ‘View page source’ निवडलं, की कारण समोर येतं. सर्व्हरकडून आलेलं पान जवळजवळ रिकामं असतं:

```html
<title>कंपनीचं नाव</title>
<body>
  <div id="root"></div>
  <script src="/assets/index.js"></script>
</body>
```

व्हॉल्व्हचं नाव, माप, दाब सहन करण्याची क्षमता, फोटो यांपैकी इथे काहीच नाही. ब्राउझर आधी ती जावास्क्रिप्टची फाइल उतरवून घेतो, मग ती फाइल सर्व्हरकडून उत्पादनाची माहिती मागवते आणि पान ग्राहकाच्या यंत्रावर तयार होतं. याला क्लायंट-साइड रेंडरिंग म्हणतात. सर्व्हर-साइड रेंडरिंगमध्ये हेच काम सर्व्हरवर होतं आणि पहिल्याच उत्तरात मजकुरासकट पूर्ण पान येतं. व्हॉट्सअ‍ॅप लिंकची झलक तयार करताना जावास्क्रिप्ट चालवत नाही, म्हणून त्याला रिकाम्या पानातलं कंपनीचं नाव तेवढं सापडलं.

मग गूगललाही पान रिकामंच दिसतं का? नाही. गूगलला जावास्क्रिप्ट वाचता येत नाही, हे जुनं मत अजून अनेकांच्या तोंडी आहे, पण ते आता खरं नाही. 2019 पासून गूगलचा क्रॉलर पानं उभी करायला क्रोमियमची अद्ययावत आवृत्ती वापरतो. मात्र हे काम दोन टप्प्यांत होतं. क्रॉलर आधी कच्चं पान आणतो आणि ते रांगेत लावतो. सवड झाली की जावास्क्रिप्ट चालवून पान पुन्हा वाचतो. रांगेत बहुधा काही सेकंदच जातात, कधी जास्त. त्यामुळे खरा प्रश्न उशिराचा नाही. दुसऱ्या टप्प्यावर अवलंबून राहिलं, की चुका व्हायला जास्त जागा मिळते आणि त्या माणसाला डोळ्यांनी दिसत नाहीत.

आपल्या कारखान्याच्या वेबसाइटवर अशा तीन चुका असू शकतात. पहिली लिंकची. उत्पादनांच्या यादीतला प्रत्येक चौकोन `onClick` वर चालतो, त्यामागे `<a href="...">` नाही. माणूस टिचकी मारतो आणि पुढे जातो, पण क्रॉलर टिचक्या मारत नाही. यादीपाशीच त्याची वाट संपते. साइटमॅपमधून त्याला पत्ते कळतील, पण कोणतं पान कोणाशी जोडलेलं आहे हे कळणार नाही.

दुसरी चूक `robots.txt` मधली. कोणीतरी सावधगिरी म्हणून तिथे `Disallow: /api/` लिहिलेलं असतं आणि उत्पादनाची माहिती नेमकी त्याच पत्त्यावरून येत असते. ग्राहकाच्या ब्राउझरला या नियमाशी देणंघेणं नसतं, म्हणून त्याला सगळं नीट दिसतं. गूगल मात्र नियम पाळतो, आणि त्याच्यापुढे फक्त सांगाडा उरतो.

तिसरी चूक बंद झालेल्या उत्पादनांची. पानावर ‘उत्पादन सापडलं नाही’ असं लिहून येतं, पण सर्व्हर 404 ऐवजी 200 म्हणजे ‘सगळं ठीक’ असाच संकेत देतो, कारण त्याच्याकडे प्रत्येक पत्त्यासाठी तेच एक रिकामं पान आहे. सर्च कन्सोलमध्ये मग ‘Soft 404’ च्या नोंदी साचू लागतात.

या तिन्ही चुका क्लायंट-साइड ठेवूनही दुरुस्त करता येतात, हे मान्य करायला हवं. तरीही ज्या पानावर अनोळखी ग्राहक शोधातून येणार आहे, ते पान पहिल्याच उत्तरात पूर्ण यावं, असंच माझं ठाम मत आहे. एक तर जावास्क्रिप्ट न चालवणारे क्रॉलर गूगलबाहेर अजून बरेच आहेत. दुसरं म्हणजे साध्या फोनवर आणि कमजोर नेटवर्कवर मजकूर लवकर दिसतो. पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. आधी फाइल, मग माहिती, मग फोटो अशी साखळी असेल तर ती गाठणं जड जातं.

पण सर्व्हर-साइड म्हणजे प्रत्येक भेटीला पान नव्याने बनवणं, असं मात्र नाही. व्हॉल्व्हची मापं रोज बदलत नाहीत. ही 600 पानं एकदाच तयार करून ठेवावीत आणि एखाद्या उत्पादनाची माहिती बदलली की तेवढंच पान पुन्हा बनवावं. यात सर्व्हरवर ताण जवळजवळ पडत नाही. भेटीगणिक पान बनवायचं ते फक्त साठा किंवा दर सतत बदलणाऱ्या ठिकाणी. आणि वितरकांनी लॉगिन करून ऑर्डर टाकायचा भाग खुशाल क्लायंट-साइड ठेवावा, कारण तो शोधात यायचाच नाही. नेक्स्ट, नक्स्ट, अ‍ॅस्ट्रो यांसारख्या साधनांत ही निवड पानागणिक करता येते. फक्त क्रॉलरसाठी वेगळं तयार पान वाढायची एक युक्तीही कोणी सुचवेल. तिला गूगल स्वतःच आता तात्पुरता उपाय म्हणतं, नव्या कामात ती नको.

सर्व्हरवर पान बनवण्याची स्वतःची एक डोकेदुखी आहे. तयार पान ब्राउझरमध्ये आलं, की जावास्क्रिप्ट त्याला जोडली जाते आणि मगच बटणं चालू लागतात. या जोडणीला हायड्रेशन म्हणतात. सर्व्हरने लिहिलेलं आणि ब्राउझरने लिहिलेलं जुळलं नाही, तर रिअ‍ॅक्ट तो भाग टाकून पुन्हा बनवतं. आपल्याकडे हमखास घडणारं उदाहरण किमतीचं आहे. `toLocaleString()` एवढंच लिहिलं, तर अमेरिकी मांडणीचा सर्व्हर 125,000 छापतो आणि भारतीय मांडणीचा ब्राउझर 1,25,000. `toLocaleString('en-IN')` असं लिहिलं की दोन्हीकडे एकच आकडा येतो.

काम नीट झालं का, हे मालकालाही तपासता येतं. एखाद्या उत्पादनाचं पान घेऊन टर्मिनलमध्ये ही ओळ चालवावी:

```
curl -s https://example.com/products/ball-valve | grep -i "<h1"
```

पत्ता अर्थातच आपल्या पानाचा टाकायचा. उत्तरात व्हॉल्व्हचं नाव आलं तर नाव पहिल्याच उत्तरात आहे. काहीच आलं नाही, तर सर्च कन्सोलच्या ‘URL Inspection’ मध्ये तो पत्ता टाकून ‘View crawled page’ बघावं, म्हणजे गूगलच्या हाती शेवटी काय लागलं ते कळेल. एकच पान बघून थांबू नये. मुख्य पान, यादीचं पान, एक उत्पादन आणि एक बंद झालेलं उत्पादन अशी चारही तपासावीत. `curl -I` ने बंद उत्पादनाचा संकेत 404 आहे ना, तेही बघावं.

रेंडरिंग बदललं म्हणून पान वर चढेलच, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मजकूर शोधयंत्राच्या हाती नीट पडतो, एवढंच त्याने साधतं. व्हॉल्व्हच्या पानावर दोन ओळी आणि एक फोटो असेल, तर सर्व्हरवरून आला तरी तो दोन ओळींचाच मजकूर.

म्हणून नव्या वेबसाइटची वर्क ऑर्डर देण्याआधी एक अट लेखी घाला: प्रत्येक सार्वजनिक पानाचं शीर्षक, मुख्य मजकूर आणि लिंक सर्व्हरच्या पहिल्या उत्तरात असल्या पाहिजेत. शेवटचा हप्ता वरची चारही पानं तपासून मगच द्या.