बदामाची दुर्री, बदामाचा एक्का

टॅरोच्या ७८ पानांत ‘कप्स’ म्हणजे पेल्यांची जी १४ पानं असतात, ती आपल्या पत्त्यांतल्या बदामाची भावंडं. त्यातली एक्का आणि दुर्री पहिल्या भेटीनंतर निघाली, की पानं काढणारीचा चेहरा खुलतो. पण दोन्ही पानं एकच गोष्ट सांगत नाहीत.

आज सर्रास वापरला जाणारा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यातला एक्का बघा. ढगातून एक हात बाहेर आलाय, तळव्यावर पेला, त्यातून पाणी उतू जाऊन खालच्या कमळांच्या तळ्यात पडतंय. वरून चोच खाली करून एक कबुतर उतरतंय. माणूस मात्र चित्रात कुठेच नाही. मन भरून आलंय एवढंच हे पान सांगतं. समोरच्याचं काय, यावर ते गप्प असतं.

दुर्रीत तरुण आणि तरुणी समोरासमोर उभे आहेत, दोघांच्या हातात एकेक पेला. तो पाऊल पुढे टाकून हात पुढे करतोय, ती जागेवरूनच त्याच्याकडे बघतेय. मध्ये दोन सापांचा दंड, वर पंख असलेलं सिंहाचं डोकं. पेले जवळपास एकाच उंचीवर आहेत, आणि ‘ओढ दोन्हीकडून’ हा अर्थ लावायचा तो त्यावरूनच.

आता समजा, कॉफी पिऊन घरी आलेल्या मुलीने तीन पानं मांडली: माझं मन, त्याचं मन, आमच्यामधलं. पहिल्या जागी एक्का आला, दुसऱ्या जागी पेल्यांची चौकी, तिसऱ्या जागी दुर्री. चौकीत झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण आहे. पुढे केलेला पेला तो घेत नाहीये. घाईची वाचक एक्का नि दुर्री बघून ‘जमलं!’ म्हणेल. जाणती म्हणेल, भरून आलंय ते तुझं मन. दुर्री जुळण्याची शक्यता दाखवते, पण तो अजून घडी सोडायला तयार नाही. एक्का त्याच्या जागी असता, तर वाचन पार वेगळं झालं असतं. एक्का उलटा पडला, तर भावना आतच अडली असं धरतात.

चूक होते ती इथेच. आपल्याच एक्क्यातलं पाणी आपण त्याच्या पेल्यात ओतून मोकळे होतो.

आणि हिशोबही करून ठेवावा. तीन पानांत ही दोन्ही एकदम येण्याची शक्यता १००१ मध्ये एक. आकडा दुर्मीळ, म्हणून खूण पक्की असं काही नाही, कारण ठरवलेल्या कुठल्याही दोन पानांचा हिशोब हाच निघतो. शिवाय पानं पिसली तिने. त्याला त्याचा पत्ताही नाही. त्याच्या मनात काय आहे हे हवं असेल, तर उद्या त्यालाच फोन करावा.