दोन झडपा, एकच मनोरा

ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात, म्हणजे डिस्टिलेशन कॉलममध्ये, दोन द्रवांचं मिश्रण मधोमध सोडतात. हलका घटक वाफ होऊन वर जातो, जड घटक खाली उतरतो. रोजच्या कामात ऑपरेटरच्या हाती मुख्यतः दोन गोष्टी असतात. वरून थंड करून परत सोडलेला द्रव, म्हणजे रिफ्लक्स, ही एक. तळाच्या रिबॉयलरमध्ये उष्णता देऊन उठवलेली वाफ ही दुसरी. राखायच्या गोष्टीही दोनच: वरच्या मालाची शुद्धता आणि तळच्या मालाची शुद्धता. रिफ्लक्सने वरचं सांभाळायचं आणि वाफेने खालचं, अशी जोडी लावून दोन कंट्रोल लूप बसवले की काम झालं असं वाटतं. पण एक झडप हलली की दोन्ही टोकं हलतात. हे एकमेकांत गुंतणं किती आहे, ते लूप चालू करण्याआधीच कागदावर कसं ओळखायचं?

त्यासाठी एका प्रसिद्ध मनोऱ्याचे आकडे घेऊ. सिगुर्ड स्कोगेस्टाड, मॅनफ्रेड मोरारी आणि जॉन डॉईल यांनी १९८८ साली तो अभ्यासाला घेतला आणि तेव्हापासून तो या विषयातला नेहमीचा नमुना झाला. आत येणारा प्रवाह १ धरला, तर वर आणि खाली अर्धा अर्धा माल निघतो. हलक्या घटकाचं प्रमाण वर ९९ टक्के, तळाला १ टक्का. एकेक झडप थोडीशी हलवून, सगळं स्थिरावल्यावर हलक्या घटकाचं प्रमाण किती बदललं ते मोजलं, की चार आकड्यांची स्थिर-अवस्थेतली गेन मॅट्रिक्स मिळते:

```
             रिफ्लक्स     वाफ
वरचा माल      ०.८७८    −०.८६४
तळचा माल      १.०८२    −१.०९६
```

पहिली कसोटी कर्णाच्या वर्चस्वाची. प्रत्येक ओळीत कर्णावरचा आकडा, म्हणजे त्या लूपच्या स्वतःच्या झडपेचा परिणाम, शेजारच्या आकड्यापेक्षा मोठा आहे का? चिन्ह सोडून पाहिलं तर ०.८७८ हे ०.८६४ पेक्षा मोठं आहे आणि १.०९६ हे १.०८२ पेक्षा. म्हणजे ओळींच्या हिशेबाने मनोरा पास झाला. स्तंभांच्या हिशेबाने मात्र पहिलाच स्तंभ नापास होतो, कारण रिफ्लक्सचा परिणाम वरच्यापेक्षा तळाच्या मालावर जास्त आहे. या कल्पनेवर मँचेस्टरच्या हॉवर्ड रोझेनब्रॉक यांनी १९६९ च्या सुमारास बहुचल नियंत्रणाची एक संपूर्ण पद्धत उभारली. तिचा आधार पक्का आहे, पण त्यासाठी वर्चस्व ठळक हवं. इथे शेजाऱ्याचा वाटा स्वतःच्या वाट्याच्या ९८ टक्के आहे. नुसतं हो किंवा नाही असं उत्तर लिहून पुढे जाणाऱ्याला हा मनोरा हमखास फसवतो.

कसं, ते एकाच हालचालीत दिसतं. रिफ्लक्स ०.००१ ने वाढवा. वरच्या मालातलं हलक्या घटकाचं प्रमाण ०.०००८७८ ने वाढायला हवं. पण त्याच वेळी तळाचं प्रमाण ०.००१०८२ ने वाढतं आणि तळाचा लूप ते मोडून काढायला वाफ ०.०००९८७ ने वाढवतो. ती वाढीव वाफ वरच्या मालातून ०.०००८५३ वजा करते. हाती उरतं ०.००००२५. म्हणजे तळाचा लूप ऑटोवर टाकला की वरच्या लूपचा जोर पस्तिसाव्या हिश्श्यावर येतो. कंट्रोल रूममध्ये याची खूण ठरलेली असते: एकेकटे ट्यून करताना दोन्ही लूप छान वागतात, आणि दोन्ही ऑटोवर टाकले की शुद्धता तासन्‌तास जागेवर येत नाही.

दुसरी कसोटी कंडिशन नंबरची. दोन्ही झडपांना मिळून ठरावीक आकाराचा धक्का द्यायचा आणि त्याची दिशा बदलत राहायचं. कुठल्या दिशेत मनोरा सर्वाधिक हलतो आणि कुठल्या दिशेत सर्वात कमी, यांचं गुणोत्तर म्हणजे कंडिशन नंबर. इथे रिफ्लक्स वाढवून वाफ तेवढीच कमी केली तर परिणाम १.९७ पट मिळतो. दोन्ही जवळपास सारख्याच वाढवल्या तर जेमतेम ०.०१४ पट. गुणोत्तर सुमारे १४२.

यामागचं कारण साधं वस्तुमानाच्या हिशेबाचं आहे. वाफ तशीच ठेवून रिफ्लक्स वाढवला की वरून निघणारा माल तेवढाच घटतो आणि तो हलका घटक मुकाट तळाला जातो, म्हणून दोन्ही टोकांचे आकडे एकाच बाजूला सरकतात. दोन्ही झडपा एकत्र वाढवल्या तर मालाची वाटणी बदलतच नाही, फक्त आतलं फिरणं वाढतं. दोन्ही टोकं किंचित अधिक शुद्ध होतात, पण ९९ टक्क्यांवर पोहोचलेल्या मनोऱ्यात तो किंचितपणा फारच महागडा असतो.

आता समजा, ही गुंतागुंत गणिताने सोडवायची, म्हणून मॅट्रिक्स उलटी करून डिकपलर बसवला. वरचं प्रमाण ०.००१ ने वाढवायचं आणि तळाचं जागचं हलू द्यायचं नाही. उत्तर येतं: रिफ्लक्स ०.०३९९ आणि वाफ ०.०३९४ ने वाढवा. दोन मोठ्या हालचाली आणि त्यांच्यातला इवलासा फरक, यावर सगळा डोलारा. रिफ्लक्सच्या झडपेने सांगितल्यापेक्षा फक्त २ टक्के जास्त हालचाल केली, तर वरचं प्रमाण ०.००१ ऐवजी ०.००१७ ने वाढतं आणि जे हलायलाच नको होतं ते तळाचं प्रमाण ०.०००९ ने वाढतं. दोन टक्के चूक तर चांगल्या झडपेतही असते. मोजणीतही तोच धोका आहे. ०.८७८ हा आकडा चाचणीत ३ टक्क्यांनी कमी भरला तर मॅट्रिक्सच्या डिटर्मिनंटचं चिन्हच उलटतं आणि डिकपलर झडपा उलट्या दिशेने फिरवू लागतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा मनोऱ्यावर पूर्ण डिकपलर बसवूच नये.

पण कंडिशन नंबरवरही डोळे मिटून विसंबता येत नाही, कारण तो एककांवर हलतो. याच मनोऱ्यात रिफ्लक्सऐवजी वरून निघणारा माल ही पहिली झडप धरली, तर वरच्या ओळीत −०.८७८ आणि ०.०१४ येतात, खालच्या ओळीत −१.०८२ आणि −०.०१४. कंडिशन नंबर ७०.८ निघतो, म्हणजे घाबरण्याजोगा. मात्र वाफेचं माप बदलून दोन्ही स्तंभ सारख्या वजनाचे केले की तोच १.११ वर येतो. म्हणून आधी प्रत्येक झडपेची खरी हालचाल आणि प्रत्येक शुद्धतेची खरी मर्यादा यांनी आकडे भागून घ्यायचे, मगच गुणोत्तर काढायचं. रिफ्लक्स आणि वाफेच्या मूळ जोडीत मात्र मापं कशीही बदलली तरी १३८ च्या खाली जाता येत नाही. तिथला दोष मनोऱ्याच्या स्वभावातला आहे.

या दुसऱ्या मांडणीत कर्णाचं वर्चस्व खालच्या ओळीत सपशेल नापास होतं, तरीही ती झडपांच्या चुका सहज सोसते. पहिल्या मांडणीत ओळींचं वर्चस्व काठावर पास झालं आणि झडपेच्या दोन टक्क्यांनी ती कोलमडली. लूप एकमेकांच्या कामात किती पाय घालतात, हे वर्चस्व सांगतं. त्यातून सुटायचा प्रयत्न किती नाजूक ठरेल, हे कंडिशन नंबर सांगतो. एकाचं उत्तर दुसऱ्याला विचारायचं नाही.

आणि हे दोन्ही आकडे सगळं स्थिरावल्यानंतरचे आहेत. वर सोडलेला रिफ्लक्स चाळीसेक तबकांवरून ओघळत तळाशी पोहोचायला या मनोऱ्यात सुमारे अडीच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळेत वरचा लूप तळाला धक्का न लावता आपलं काम उरकू शकतो. म्हणूनच ही जोडी झटपट मोजमाप असलेल्या प्लांटमध्ये दोन साध्या लूपवरही चालते. ॲनालायझर जर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा आकडा देत असेल, तर ती सवलत मिळत नाही आणि गाठ थेट त्या १४२ शी पडते.